पट्ट्याखालची फट

कोल्हापुरी चपलेचा जोड पांढऱ्या चौकोनात मधोमध बसलेला दिसतो, तेव्हा बघणाऱ्याचं लक्ष वेणीकडे, गोंड्याकडे, फार तर किमतीकडे जातं. पट्टा आणि तळ यांच्या मधल्या फटीकडे कुणी पाहत नाही. पण ऑनलाइन दुकानासाठी शेकडो फोटो तयार करणाऱ्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. बाकी चौकोन पांढराशुभ्र असतो आणि त्या फटीतून मात्र, ज्या लाकडी टेबलावर फोटो काढला त्याचा तुकडा डोकावत असतो. बॅकग्राउंड काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ती फट चपलेचाच भाग वाटलेली असते.

पांढऱ्या चौकोनाचा हा आग्रह बाजारानेच धरलेला आहे. ॲमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोमागे निव्वळ पांढरा रंग लागतो, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक २५५वर. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा, हीही अपेक्षा असते. स्वतःच्या संकेतस्थळावर माल विकणारे छोटे व्यापारीही साधारण हाच दंडक पाळतात, कारण एका पानावर वीस जोड वीस वेगवेगळ्या आकारांत आणि उंचीवर दिसले की दुकान विस्कटलेलं वाटतं. पूर्वी हे काम फोटोशॉपमधल्या पेन टूलने व्हायचं. वस्तूच्या कडेने बिंदू टाकत जायचे, वळणं जुळवायची आणि आतलं ठेवून बाहेरचं काढायचं. भारतात आणि बांगलादेशात या कामावर मोठमोठी कार्यालयं चालली, अजूनही चालतात. साध्या डब्याला दोन-चार मिनिटं पुरतात. मोत्यांच्या नथीला अर्धा तास लागला, तरी कारागिराला दोष देता येत नाही.

आता पहिला हात यंत्राचा असतो. `rembg` हे फुकट मिळणारं साधन संगणकावर बसवलं, की फोटोंनी भरलेलं एक फोल्डर दाखवून एका ओळीत काम सुरू करता येतं:

```
rembg p -om -m isnet-general-use photo mask
```

यातून `photo` फोल्डरमधल्या प्रत्येक चित्राचा एक मास्क `mask` फोल्डरमध्ये जमा होतो. मास्क म्हणजे काळं-पांढरं चित्र. पांढरं म्हणजे वस्तू, काळं म्हणजे काढायचा भाग. खरी गंमत या दोहोंमधल्या करड्या छटांत आहे. प्रत्येक बिंदूला ० ते २५५ यांमधला एक आकडा मिळतो. कडेला करडा रंग असणं योग्यच, कारण कडेच्या बिंदूत थोडी चप्पल आणि थोडं टेबल मिसळलेलं असतं. वस्तूच्या पोटातच मोठा करडा डाग दिसला, तर मात्र यंत्राला त्या जागेचा निर्णय करता आलेला नाही, हे समजावं.

तसा निर्णय न होण्याचं कारण यंत्राच्या शिक्षणात सापडतं. या साधनात सुरुवातीपासून वापरलं जाणारं मॉडेल म्हणजे यू-स्क्वेअर-नेट. ते २०२० साली प्रसिद्ध झालं. ते घडवण्यासाठी वापरलेल्या संग्रहात सुमारे साडेदहा हजार चित्रं होती आणि प्रत्येकात डोळ्यांत भरणारी गोष्ट कोणती, ते माणसांनी आखून दिलेलं होतं. म्हणजे विक्रीची वस्तू कोणती, हे या मॉडेलला कुणी शिकवलेलंच नाही. चित्रात उठून काय दिसतं, एवढंच ते ओळखतं. चपलेच्या शेजारी किमतीची चिठ्ठी राहिली, तर तीही उठून दिसते. नथ मखमली स्टँडवर अडकवली असेल, तर स्टँड नथीपेक्षा जास्त उठून दिसतो आणि नथीसकट तोही पांढऱ्या चौकोनात येऊन बसतो.

दुसरी अडचण आकाराची आहे आणि तिचं गणित करून पाहण्यासारखं आहे. यू-स्क्वेअर-नेटला चित्र देताना ते आधी ३२० बाय ३२० बिंदूंत दाबलं जातं. फोटो ४,००० बिंदू रुंद असेल, तर त्याची रुंदी साडेबारा पटीने घटते. अशा फोटोत नथीची तार सहा बिंदू जाड असेल, तर मॉडेलसमोर येताना ती अर्धा बिंदूसुद्धा उरत नाही. मोती दिसतात, तार दिसत नाही, आणि निकालात मोती हवेत लटकतात. वरच्या ओळीत नाव आलेलं `isnet-general-use` हे मॉडेल चित्र १,०२४ बिंदूंत पाहतं. तिथे तीच तार दीड बिंदूची होते, म्हणजे निदान तिचा माग तरी लागतो.

यावर एक साधी युक्ती आहे आणि ती फारशी वापरली जात नाही, याचं आश्चर्य वाटतं. दागिन्याच्या फोटोत बहुतेक जागा रिकामी असते. पहिल्या फेरीत ओबडधोबड मास्क काढायचा, त्यावरून वस्तू साधारण कुठे आहे ते पाहायचं, भोवती थोडी मोकळी जागा ठेवून फोटो कापायचा आणि तो तुकडा पुन्हा मॉडेलला द्यायचा. चार हजारांतल्या बाराशे बिंदूंतच नथ मावत असेल, तर दुसऱ्या फेरीत ३२०च्या मॉडेललाही ती पावणेचार पटीनेच लहान दिसते. तार पुन्हा दीड बिंदूवर येते. मोठं मॉडेल आणि दोन फेऱ्या एकत्र केल्या, तर बहुतेक नथी सुटतात. राहतात त्या पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या पांढऱ्या मोत्यांच्या. कड डोळ्यालाच दिसत नसेल, तर मॉडेलने ती कुठून शोधावी? तिथे राखाडी कागद अंथरून फोटो पुन्हा काढणं हाच जवळचा रस्ता ठरतो.

क्रॉपिंग हा भाग वरवर पाहता फक्त भूमितीचा वाटतो. मास्कमध्ये वस्तूची डावी, उजवी, वरची आणि खालची टोकं शोधायची, तो आयत हव्या त्या आकाराला आणायचा आणि कोऱ्या चौकोनाच्या मध्यावर ठेवायचा. प्रत्यक्षात सगळ्यात विचित्र चुका इथेच होतात, कारण मास्कमधली बारीकशी घाण इथे मोठी होऊन बाहेर पडते.

एक उदाहरण सविस्तर करून पाहू. समजा, चपलांच्या जोडाचा फोटो ४,००० बाय ३,००० बिंदूंचा आहे. जोड आडवा ७०० पासून ३,१०० पर्यंत पसरलेला आहे, म्हणजे २,४०० बिंदू रुंद, आणि १,९०० बिंदू उंच. तयार चौकोन १,६०० बिंदूंचा हवा आहे. त्याचे ८५ टक्के म्हणजे १,३६० बिंदू. २,४०० चे १,३६० करायचे, म्हणून सगळं चित्र सुमारे ०.५७ पट होतं. उंची अंदाजे १,०७७ वर येते आणि दोन्ही बाजूंना १२० बिंदूंची समान मोकळी जागा उरते. झालं काम.

आता त्याच फोटोत टेबलाच्या डाव्या टोकाला, आडव्या मापाने १००च्या जागी, एक दोरा पडलेला आहे आणि मास्कमध्ये त्याचा पुसट ठिपका राहिला आहे. संगणकाच्या दृष्टीने वस्तू आता १०० पासून ३,१०० पर्यंत, म्हणजे ३,००० बिंदू रुंद झाली. सगळं चित्र ०.४५ पटीवर घटतं. जोड १,३६० ऐवजी १,०८८ बिंदूंचा होतो आणि चौकटीचा ८५ ऐवजी ६८ टक्केच भाग व्यापतो. शिवाय तो उजवीकडे सरकतो. डावीकडे ३९२ बिंदू मोकळे, उजवीकडे १२०. ठिपका इतका फिकट असतो की तयार चित्रात तो कुणाला दिसतही नाही, फक्त चप्पल लहान आणि तिरपागडी का बसली हे कळत नाही. पायथॉनच्या पिलो या संचातली `getbbox()` ही सोय आयत शोधताना शून्य नसलेला प्रत्येक बिंदू मोजते. २५५पैकी १ एवढा फिकट बिंदूसुद्धा तिला वस्तू वाटतो. म्हणून आयत काढण्याआधी मास्कची एक कडक प्रत करावी लागते, १२८च्या वरचं सगळं पांढरं आणि खालचं सगळं काळं अशी. ही प्रत फक्त मोजमापासाठी. कडा कापायला मूळ करड्या छटांचा मास्कच वापरायचा, नाहीतर कडेला करवतीचे दाते दिसतात.

दोरा गडद असेल, तर तो कडक प्रतीतही टिकून राहतो. मग बरेच जण दुसरा उपाय करतात. मास्कमधला सगळ्यात मोठा सलग तुकडा ठेवायचा आणि बाकीचे टाकायचे. तांब्या-भांड्यांच्या फोटोंवर हा उपाय झकास चालतो. चपलांवर चालवला की प्रत्येक जोडातली एक चप्पल गायब होते, कारण डावी आणि उजवी हे दोन वेगळे तुकडे असतात आणि त्यांतला एकच सगळ्यात मोठा असू शकतो. म्हणून मोठ्या तुकड्याच्या तुलनेत अगदीच नगण्य, समजा एका टक्क्याहून लहान, असतील तेवढेच तुकडे झाडून टाकावेत. नथीच्या बाबतीत तेही जपून, कारण तार तुटून सुटा पडलेला मोती टक्केवारीच्या याच झाडणीत जाऊ शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात येते. सगळ्या मालाला एकच नियम लावणं शक्य नाही. चपलेच्या पट्ट्याखाली फट असायलाच हवी, त्यामुळे मास्कमध्ये तिथे छिद्र दिसलं पाहिजे. तांब्याच्या पोटावर छिद्र दिसता कामा नये, पण तिथेच ते वारंवार पडतं. घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यावर खिडकीचा उजेड पडतो, तो डाग पांढराफटक होतो आणि मॉडेल त्याला मागचा कागद समजून कापून टाकतं. ‘मास्कमधली छिद्रं बुजवा’ असा एकच आदेश दिला, तर तांबे दुरुस्त होतात आणि चपलांच्या फटी कायमच्या बंद होतात. म्हणून फोटो आधी मालाच्या जातीप्रमाणे वेगळ्या फोल्डरांत ठेवतात आणि प्रत्येक फोल्डरचे नियम स्वतंत्र लिहितात.

जागेवर बसवण्याचंही तेच. चपला चौकोनाच्या मध्यावर शोभतात. भांडी मात्र एका रेषेवर उभी राहिली पाहिजेत, म्हणजे प्रत्येकाचा तळ चौकोनाच्या खालच्या कडेपासून ठरावीक अंतरावर. नाहीतर बसका गंज हवेत तरंगतो आणि शेजारची उंच कळशी जमिनीत रुतल्यासारखी दिसते. लांब तोटीच्या झारीला आयताच्या मध्याने बसवलं, तर तिचं पोट एका बाजूला ढकललं जातं. तिथे मास्कमधल्या सगळ्या पांढऱ्या बिंदूंचा सरासरी मध्य धरला, की ती डोळ्याला सरळ वाटते. आणि सगळंच ८५ टक्क्यांवर ताणलं, तर फुलपात्र आणि हंडा सारख्याच आकाराचे दिसतात. मापातला फरक दाखवायचा असेल, तर भांड्याची खरी उंची यादीत लिहून तिच्या प्रमाणात चित्र लहान-मोठं करावं लागतं. हे मास्कवरून कळणं शक्य नाही.

एवढं सगळं नीट लिहिल्यावरही काही चित्रं बिघडतात. ती शोधण्यासाठी तीनशे चित्रं एकेक करून मोठी पाहत बसलं, तर पन्नासाव्या चित्रानंतर नजर मरते. त्यामुळे संशयित चित्रं निवडण्याचं कामही संगणकालाच देतात, आणि त्यासाठी लागणारी मापं मास्कमधूनच मिळतात.

पहिलं माप करड्या छटांचं. पूर्ण पांढरेही नाहीत आणि पूर्ण काळेही नाहीत असे बिंदू मोजायचे आणि वस्तूच्या एकूण बिंदूंशी त्यांचं प्रमाण काढायचं. उजेडाचा डाग पडलेल्या तांब्याचं हे प्रमाण त्याच्या भावंडांपेक्षा ठळकपणे जास्त येतं. दुसरं माप कडेचं. मास्क फोटोच्या कडेला टेकला असेल, तर एक तर वस्तू फोटोतच अर्धी आली आहे किंवा टेबल वस्तूत धरलं गेलं आहे. तिसरं माप तुकड्यांचं आणि छिद्रांचं. जोडात दोन तुकडे आणि पट्ट्याखालच्या फटी अपेक्षित असतात, कमी निघाल्या तर चित्र बाजूला. चौथं माप रुंदी आणि उंचीच्या प्रमाणाचं. वरच्या उदाहरणातल्या जोडाचं प्रमाण सुमारे सव्वा येतं. त्याच पद्धतीने मांडून काढलेल्या बाकीच्या जोडांचंही तेवढ्यातच असणार. मधूनच एखादं पावणेदोन निघालं, तर कुठेतरी दोरा, चिठ्ठी किंवा सावली आत शिरली आहे.

या मापांना ठाम मर्यादा घालण्याचा मोह टाळलेला बरा. पाच टक्के करडे बिंदू चपलेला खूप झाले, पण मोत्यांच्या नथीला ते नेहमीचे. त्यापेक्षा प्रत्येक फोल्डरमधली चित्रं त्या मापाप्रमाणे सगळ्यात वाईट ते सगळ्यात चांगलं अशी लावून वरून पाहायला सुरुवात करणं सोपं पडतं. सलग वीस-पंचवीस चित्रं बिनचूक निघाली, की त्या मापापुरतं थांबायचं.

पाहण्याचीही एक रीत आहे. पांढऱ्यावर कापलेली वस्तू पांढऱ्यावरच तपासली, तर निम्मे दोष लपतात. कापलेला मोती, उडालेली चमक, कडेची पांढरी झालर यांतलं काहीच दिसत नाही. म्हणून तपासणीपुरती वस्तू एखाद्या भडक रंगावर ठेवतात आणि तीस-तीस चित्रांचे तक्ते बनवतात. तपकिरी चपलेमागे भडक हिरवा चालतो, पट्ट्याखालची बुजलेली फट त्यावर लगेच ओळखू येते. नथीमागे मात्र हिरवाही नको आणि गुलाबीही नको, कारण तिच्यात त्याच रंगांचे खडे असतात आणि कापला गेलेला खडा त्या रंगात विरून जातो. तिथे गडद निळा बरा. याच तक्त्यावर आणखी एक दोष कळतो. लाल कापडावर काढलेल्या फोटोत वस्तूच्या कडेला लालसर रेघ राहते. मास्क बरोबर असूनही ती राहते, कारण कडेच्या बिंदूंमध्ये कापडाचा रंग मुळातच मिसळलेला असतो. मास्क एक-दोन बिंदू आत ओढला की चपलेची रेघ जाते. नथीची तार मात्र दीड-दोन बिंदूंच्या ओढीने अर्धी होते, त्यामुळे हा उपाय तिला लावत नाहीत.

सावलीचा प्रश्न वेगळाच. मॉडेल कधी ती पूर्ण कापतं, कधी अर्धी ठेवतं. अर्धी सावली नेहमीच वाईट दिसते. पूर्ण कापली, तर भांडं किंचित तरंगतं, पण सगळीच भांडी सारखी तरंगत असतील तर ते खपून जातं. या बाबतीत सुरेखपणापेक्षा एकसारखेपणा पत्करलेला बरा, असं हे काम करणाऱ्यांचं मत असतं आणि ते पटण्यासारखं आहे.

दोष सापडला की हात लागतो. तो कुठे लावायचा, यावर पुढचे कित्येक तास वाचणं किंवा वाया जाणं अवलंबून असतं. नवखा माणूस तयार झालेलं पांढरं चित्र उघडतो आणि त्यातली फट पांढऱ्या ब्रशने रंगवतो. चित्र सुधारतं. आठवड्याने मालक सांगतो की चौकोन १,६०० ऐवजी २,००० बिंदूंचे हवेत. सगळी चित्रं पुन्हा तयार होतात आणि रंगवलेली प्रत्येक फट पुन्हा उघडी पडते. म्हणून दुरुस्ती करायची ती मास्कची. गिंप किंवा फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर मास्क ठेवायचा, फटीच्या जागी काळा ब्रश फिरवायचा, उडालेल्या चमकेच्या जागी पांढरा, आणि तो मास्क त्याच नावाने `mask_haat` अशा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. क्रॉप करणाऱ्या प्रोग्रॅमला सांगून ठेवायचं की आधी या फोल्डरमध्ये पाहा, तिथे त्या नावाचा मास्क नसेल तरच यंत्राचा घे. मग मापं कितीही वेळा बदलली, तरी हाताचं काम पुसलं जात नाही. मूळ फोटोंच्या फोल्डरमध्ये तर कुणी काही लिहायचंच नाही.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक चित्रासमोर यादीत एक शब्द लिहून ठेवतात: फट, तार, चमक, सावली, चिठ्ठी. महिन्याभराची यादी चाळली की कामाचा रोख कळतो. ‘चमक’ हा शब्द तांब्यांसमोर पुन्हा पुन्हा येत असेल, तर ब्रश घेऊन बसण्यापेक्षा खिडकीवर पातळ पांढरा पडदा लावून उजेड पसरवणं स्वस्त पडतं. ‘चिठ्ठी’ आली, तर फोटो काढणाऱ्याला दोन शब्द सांगितले की भागतं. ‘फट’ मात्र राहते, कारण पट्ट्याखाली नेहमीच अंधार असतो आणि अंधारातलं लाकूड व चामडं मॉडेलला सारखंच दिसतं. काही जण फोटो काढताना पट्ट्याखाली पांढऱ्या कागदाची घडी सरकवतात. त्याने फट मास्कमध्ये नाही उमटली, तरी निदान तयार चित्रात पांढरी दिसते.

सगळ्या मापांतून सुखरूप सुटलेली चित्रंही थोडी उघडून पाहावी लागतात. मॉडेल ठामपणे चुकलं, समजा झारीची तोटी स्वच्छ कडेने कापून टाकली, तर करडे बिंदू वाढत नाहीत आणि तुकडेही एकच भरतात. संख्याशास्त्रातला एक जुना ठोकताळा इथे उपयोगी येतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चित्रांत एकही दोष निघाला नाही, तर तीनला त्या चित्रांच्या संख्येने भागायचं. उत्तर येईल त्याहून जास्त दोष बाकीच्या चित्रांत नसावेत, असं साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. तीस चित्रं पाहिली तर ही हद्द दहा टक्के, साठ पाहिली तर पाच. शंभर जोडांच्या दुकानात दहा टक्के म्हणजे दहा चुकीची चित्रं. तेवढी चालतील का, की आणखी तीस उघडायची, हे ज्याचं दुकान त्याने ठरवायचं.